मामाच्या भिंतीतून गेलेली केबल

माझा मामा रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि स्वतःच्या घरी मात्र पोपडे. काम थांबवल्यावर त्याने पहिल्यांदा आपलं घर हातात घेतलं. भेगांत लांबी भरायची, घासायची, पुन्हा लांबी, पुन्हा घासकाम. मामी म्हणायची, "माझ्या गालावरून कधी इतक्या मायेने हात फिरवला नाही मेल्याने." भिंत झाली मात्र देखणी. तिला कुणी टेकायचं नाही, खिळा मारायचा नाही. कॅलेंडरसुद्धा दाराच्या कडीला लटकत असे.

आणि मी त्याची भाची, ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या केबल टाकते. म्हणजे भिंतींना भोकं पाडणं हाच माझा धंदा. मामा मला उंदरीण म्हणतो. तरी आमचं गूळपीठ आहे, कारण दोघांचीही तोंडं सारखीच फटकळ.

भानगड झाली ती मामी पाय मोडून घेऊन बसली तेव्हा. प्लास्टर मांडीपर्यंत. तिला करमावं म्हणून मामाने टीव्ही बाहेरच्या खोलीतून उचलून मागच्या खोलीत नेला. राउटर राहिला पुढे, दाराजवळ, कारण इंटरनेटची लाइन तिथेच येते. मधे अर्ध्या भागात बाथरूमच्या फरश्या लावलेली जाड भिंत आणि तिला चिकटून लोखंडी कपाट. वायफायने तिथून रांगत यायचं आणि टीव्हीपर्यंत पोचेस्तोवर धापा टाकायच्या.

मालिका बघताना चित्र थबकलं तर मामी तेवढ्यात कूस बदलून घेई. पण प्रश्न मालिकेचा नव्हताच. प्रश्न चिमणीचा होता. चिमणी म्हणजे त्यांची मुलगी. नाव चिमणी आणि काम वजनं उचलायचं! दूरच्या प्रशिक्षण केंद्रात राहते, स्पर्धा ऑनलाइन दाखवतात. आता वजन उचलणं म्हणजे काय तासाभराचा खेळ नाही. नाक शिंकरायला लागतो तेवढा वेळ. मागच्या स्पर्धेत ती वाकली, दांडा धरला आणि टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागलं. चित्र आलं तेव्हा ती पाठ करून चालली होती. उचललं की पाडलं, हे मामाला फोन करून विचारावं लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण तोंडातून निघालं, "टाकू दे की केबल!"

"माझ्या भिंतीला भोक? आधी माझ्या छातीला पाड," मामा म्हणाला. "जग बिनतारी झालं, तू तारा घेऊन फिर."

"मग मोबाइलवर बघ."

"एवढी थोराड पोरगी बोटाएवढी बघू होय?"

यंदाची अंतिम फेरी आली. मी दुपारीच पोचले, डिकीत केबलचं उरलेलं वेटोळं होतंच. मामा खुशीत. "बघ, तुझ्याशिवाय काम झालं," असं म्हणून त्याने टीव्हीशेजारच्या प्लगमध्ये खोचलेली पांढरी डबी दाखवली. वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर. "पाचच्या पाच काड्या!"

मी कपाळावर हात मारला. "अरे मामा, या काड्या टीव्ही आणि डबीमधल्या. डबीला स्वतःलाच इथे उपाशी ठेवलंस, ती टीव्हीला काय वाढणार? अर्ध्या वाटेवर तरी लावायची."

"अर्ध्या वाटेवर भिंत आहे. तिथे प्लग नाही."

"प्लग कुणी लावू दिला नाही?"

मामी पलंगावरून हसून हसून हलायला लागली आणि मग पाय दुखला म्हणून आम्हालाच ओरडली.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्या प्रकारात एका दमात वजन डोक्यावर न्यायचं असतं, तीन संधी मिळतात. पहिल्या संधीला चिमणीचा चेहरा चौकोन चौकोन झाला. नेटचा वेग पडला की टीव्ही चित्र बंद करण्याआधी ते हलक्या प्रतीचं करतो, तसं. दुसरीला बरं दिसलं. तिसरीला ती खाली बसली आणि चक्र फिरलं. मामा टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला, जणू मागून ढकलणार होता. चित्र आलं तेव्हा दुसरीच मुलगी हाताला खडू चोळत होती.

"झालं का गं? उचललं का तिने?" मामी विचारत राहिली. खाली निकालाची पट्टी आली, चिमणी तिसरीवरून दुसरी. म्हणजे उचललं होतं. आणि आपण पाहिलं नव्हतं.

आता मधली सुट्टी आणि मग शेवटचा प्रकार. मामा वळला. "उंदरीण, केबल पुरेल?"

"स्वयंपाकघरातून वळसा घातला तर नाही. भिंतीतून सरळ नेली तर पुरेल."

तो आत गेला आणि शेजाऱ्याकडून कशाला तरी मागून आणलेलं ड्रिल घेऊन आला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "सरक. माझी भिंत आहे, भोक मीच पाडणार." कपाट दोघांनी ओढलं. त्याने तळहाताने भिंत चाचपली, पलीकडे नळाचा पाइप नाही ना ते दोनदा तपासून घेतलं, बाथरूम संपतं तिथे खाली कोपऱ्यात खूण केली आणि ड्रिल लावलं. पांढरी भुकटी त्याच्या पायावर पडत होती. "अरेरे, अरेरे," असं स्वतःच म्हणत होता आणि थांबत मात्र नव्हता.

भोक बारीक ठेवलं. टोकाचा प्लग त्यातून जात नाही, म्हणून आधी नुसती केबल ओवली. पलीकडे आठही तारा रंगाच्या क्रमाने लावून मी प्लग बसवला आणि चिमट्याने दाबला. एक टोक राउटरला, दुसरं टीव्हीच्या पाठीला. सेटिंगमध्ये वायफायऐवजी केबल निवडली. वेग तपासला तर नव्वदच्या वर, हलेना.

मामा लगेच उसळला. "राउटरपाशी मोबाइलवर दोनशे येतात! भोक पाडून निम्मे?"

"टीव्हीचं केबलचं तोंडच शंभराचं असतं रे बाबा. चित्राला त्याचा चौथा हिस्सा पुरे. फक्त सारखा मिळायला हवा, आत्ता चाळीस आणि मग चार असा नाही."

तेवढ्यात चिमणी आली. आणि काय दिसली! कपाळावरचा घाम, बुटाची सुटत आलेली पट्टी, सगळं. तिने वजन खांद्यावर घेतलं, क्षणभर थांबली, फेकलं वर. हात ताठ. पाय जुळले. एकदाही चित्र अडखळलं नाही. तिसऱ्या संधीला तिने पहिल्या नंबरवालीला मागे टाकलं तेव्हा मामीने उशी फेकली ती माझ्या तोंडावर आली. मी ओरडत होते, मामी रडत होती. मामा मात्र पुढे वाकून टीव्हीकडे टक लावून बसला होता. मला वाटलं, भिंतीचं दुःख करतोय.

बऱ्याच वेळाने चिमणीचा फोन आला. मामी आधी बोलली, मग मी किंचाळले, मग मामाने फोन घेतला. अभिनंदन नाही, शाबासकी नाही. त्याने विचारलं, "अंगठ्याला काय झालंय?"

चिमणी म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"दिसलं. चिकटपट्टीखालून रक्त आलं होतं. डाव्या हाताच्या."

"दोन महिने झाले, बाबा," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "तुमच्या टीव्हीवर तसंही काही दिसत नाही, म्हटलं कळणार नाही, म्हणून सांगितलं नव्हतं."

"आता दिसतं," मामा म्हणाला. "बोल, कसं लागलं?"