चिमूटभर पांढऱ्यासाठी

"पण केसांना परमनंट रंग लावायला तुमचं काय जातं, ताई? दुसऱ्यांच्या डोक्यांना लावताच ना रोज?" भावजय ताटातला मऊ भात परत पातेल्यात ओतत म्हणाली. भाताला आईने हात लावलेला नव्हता. वर सायीसारखा पापुद्रा धरला होता.

"दुसऱ्यांनाही मी सांगून बघते, एवढ्याशासाठी नको म्हणून."

"दुसऱ्यांच्या आया उपाशी राहत नाहीत," भाऊ म्हणाला. तो दारातच उभा होता, बूट अजून पायांत. "डॉक्टरांनी वजन बघितलं आज. काय म्हणाले ते सांगू?"

"नको."

"मग लाव."

"ग्लॉस लावते. आधी ग्लॉस लावून बघते."

भावजय हसली, पण त्यात हसू नव्हतं. "घरात आग लागलीय आणि तुम्ही विचारताय पाणी कोमट चालेल का."

भांडण कशावरून होतं ते बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता. ताईच्या कानशिलांवर आणि भांगाजवळ थोडे केस पांढरे झाले होते. थोडेच. शंभरात दहा-बारा धरा. ताई पंचेचाळिशी ओलांडलेली, पण चेहऱ्याने तशी वाटत नव्हती, आणि स्वतः केस रंगवण्याच्या धंद्यात असल्यामुळे तिला त्या पांढऱ्यांचं कौतुकही नव्हतं नि दुःखही नव्हतं. दुःख आईला झालं. आईचं डोकं गेल्या वर्षापासून मागे मागे चाललं होतं. तिला घर आठवायचं ते चाळीस वर्षांपूर्वीचं. त्या घरात कानशिलं पांढरी असलेली एकच बाई होती, तिची सासू. आणि सासू जेवणाच्या वेळी समोर उभी राहिली की आई ताट झाकून म्हणायची, "माझं झालंय, सासूबाई. खरंच जेवले मी."

दुपारचं जेवण ताईकडेच होतं. भाऊ आणि भावजय सकाळी कामाला जात, आणि ताईचं सलून दुपारनंतर सुरू होई. म्हणजे रोज दुपारी आईसमोर ताट घेऊन तिची सासूच उभी राहत होती.

ताईचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही याची कारणं घरात वेळोवेळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्यांनी विचारायचं सोडून दिलं. कमावती झाली ती सलूनमध्ये केर काढण्यापासून. पुढे केस धुणं, मग कापणं, मग रंग. आता खिडकीजवळची खुर्ची तिची होती, कारण रंग दिवसाच्या उजेडातच कळतो असा तिचा हट्ट होता. गिऱ्हाईक आरशात बघून "अगं बाई, मी किती पांढरी झाले" म्हणालं की ती केसांत बोटं घालून, बटा उलट्यासुलट्या करून बघायची आणि म्हणायची, "चिमूटभर मीठ पडलंय, त्याला समुद्र म्हणू नका."

मग ती समजावून सांगायची. ग्लॉस केसाचा मूळ रंग उडवत नाही. त्यातला डेव्हलपर, म्हणजे रंग चढवणारं औषध, सौम्य असतो, रंग वरवर आणि थोडा आत बसतो. पांढरे केस पुरते झाकले जात नाहीत, पण बाकीच्यांत मिसळून जातात, जरा उजळ रंगाच्या बटा असाव्यात तसे. पाच-सहा आठवड्यांत धुण्याधुण्याने फिका होत जातो. कधी गेला ते कळतही नाही. परमनंट सगळं झाकतो, पण त्यासाठी केस उघडून आतला मूळ रंग बदलतो. तो परत येत नाही. महिन्याभरात भांगात पांढरी रेघ उगवते, आणि ती रेघ एकदा दिसली की बाई तिची गुलाम होते. "पांढरे निम्मे झाले की या, तेव्हा मीच लावून देईन," असं म्हणून ती गिऱ्हाइकाला परत पाठवायची. मालकीण मॅडमना हे आवडत नसे. पण परत पाठवलेली गिऱ्हाइकं परत येत, म्हणून त्या गप्प बसत.

तेव्हा ताईने ग्लॉसच लावला. आधी कातडीला चालतो का बघायला कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहिली. मग शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने तिच्याच रंगाचा, मधल्या तपकिरीचा ग्लॉस लावून दिला. धुऊन वाळवल्यावर मैत्रीण म्हणाली, "झकास. हेच फोटो काढून दाराला लावायला हवं."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. आईने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मोठे, आलीस होय?" आणि अर्धं ताट जेवली. मोठी म्हणजे ताई. हे नाव आईने कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत राहिली.

दोन दिवसांनी ऊन पडलं. खिडकीतून ते सरळ तिच्या कानशिलावर आलं, आणि ग्लॉस घेतलेले पांढरे केस तांब्याच्या तारांसारखे चमकले. आईने ताटाकडे नेलेला हात मागे घेतला. बराच वेळ बघून अदबीने म्हणाली, "मेंदी लावलीत का, सासूबाई? शोभते हो तुम्हाला." आणि ताट झाकलं.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला, ताईही हसली, आणि मग दोघांना एकदमच हसू आवरेना म्हणून भावजयीने येऊन दार लोटून घेतलं. आई आत झोपली होती.

त्यानंतर ताई दुपारी पडदे ओढून घेऊ लागली. अंधारात जेवण बरं जायचं. पण ग्लॉस त्याच्या स्वभावाप्रमाणे फिका होत गेला, कानशिलांवर आधी, कारण तिथला पांढरा केस मुळातच हट्टी. एक दिवस मोठी, दोन दिवस सासूबाई. पुढे तीन दिवस सासूबाई. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडालाही आई घाबरू लागली. भाऊ एका रविवारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी जागा बघून आला. स्वच्छ आहे म्हणाला. नळीने भरवतात, तिथे प्रश्नच नाही म्हणाला.

"नळीने," ताई म्हणाली.

"मग काय करू? तू पडदे ओढ, मी वजन मोजतो."

ताई मैत्रिणीपुढे जाऊन बसली. "परमनंट. माझ्या रंगापेक्षा एक छटा गडद, म्हणजे तांबूस दिसणार नाही. कानशिलांपासून सुरू कर, तिथे जास्त वेळ लागतो."

मैत्रिणीने वाटीत रंग घोटला. वास नाकात गेला तसे ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. अमोनियाने सगळ्यांच्याच येतं. "नंतर नको वाटला तर?" मैत्रिणीने विचारलं. "तूच तर सांगत असतेस सगळ्यांना. रंगावर रंग चढवला म्हणून खालचा उतरत नाही."

"लाव."

पाऊण तास ती खिडकीपाशी बसून राहिली. धुऊन आरशात बघितलं तेव्हा डोकं एकसारखं गडद होतं, टोपी घातल्यासारखं. एकही केस वेगळा नव्हता. काम चोख झालं होतं. तिने तेवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने पडदे उघडले. खोलीभर ऊन होतं. ती ताट घेऊन आईसमोर बसली, आणि आईचा चेहरा असा उजळला की ताईच्या हातातला चमचा थांबला.

"छोटे," आई म्हणाली.

छोटी म्हणजे ताईच्या पाठची बहीण. कॉलेजात असताना तापाने गेली. तिचे केस ताईच्या केसांपेक्षा गडद होते, हे ताई विसरली नव्हती. छटा सांगताना फक्त ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"किती वाळलीस गं," आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जेवलीस का?"

"तू जेव, मग मी जेवते."

आई सगळं जेवली. ताटाच्या कडेचं बोटाने पुसून खाल्लं. पाणी प्यायली. मग हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, "मोठी कुठाय?"

"कामावर गेलीय."

"ती येत नाही हल्ली माझ्याकडे. रागावलीय का माझ्यावर?"

"नाही गं. काम फार असतं तिला."

"तिला सांग, तिचं ताट मी काढून ठेवते रोज."

संध्याकाळी भावजयीने रिकामं ताट बघितलं आणि ताई सलूनमधून आल्याबरोबर तिला चहा करून दिला. पुढचे दोन-तीन आठवडे घर हलकं झालं. वजन जरासं वाढलं. छोटीला आई शाळेतल्या गोष्टी विचारायची, वेण्या घालू का म्हणायची. ताई सगळ्याची उत्तरं द्यायची. बहिणीची उत्तरं तिला चांगली यायची.

मग भांगात रेघ दिसू लागली. मुंगी चालावी एवढी बारीक, पांढरी. आईची नजर बोलता बोलता तिथे जाऊन अडकू लागली. एकदा तिने ताट झाकायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

त्या रात्री आई कधी नव्हे ती सगळ्यांबरोबर टेबलाशी होती, आणि जेवताना भावाने सहज हाक मारली, "ताई, जरा मीठ दे."

आई दचकून उठली. "ताई? आली का मोठी? कुठाय?" तिने टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाकडे बघितलं, ताईकडेही बघितलं, आणि मग दारापाशी जाऊन उभी राहिली. परत आणायला फार वेळ लागला. बसली तेव्हा तिने घास घेतला नाही.

भावजयीने तिला आत नेऊन निजवलं. भाऊ बोटाने टेबलावर रेघा ओढत होता.

"बंद कर हे, ताई," तो म्हणाला. "पुन्हा ग्लॉस लाव. रेघ पुसट होईल, केस वाढतील तसे काप. तुझे तुला परत येतील. कधीमधी तरी ओळखत होती ती तुला."

"कधीमधी."

"मग ठेवू या तिला त्या जागी. आपण जाऊ भेटायला."

"कोण म्हणून जायचं मी?" ताईने विचारलं.

भावजय बाहेर येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी बोलले तेव्हा असं होईल असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "लावा म्हणाले ते चुकलं माझं."

"तुझं काही चुकलं नाही. झाकायचं होतं, झाकलं गेलं."

ताईने उठून आईचं न संपलेलं ताट झाकून ठेवलं. ओट्याशी त्यांच्याकडे पाठ करून तिने हात धुतले, आणि नळ बंद केल्यावर ती बोलली.

"दर तीन आठवड्यांनी मुळांना परमनंट लावीन. हाच रंग. आणि उद्यापासून आईसमोर मला कुणी ताई म्हणायचं नाही. छोटी म्हणा."