मामांचा जुडगा

आमच्या कारखान्यात मामा म्हणजे इलेक्ट्रिशियन. सख्खा भाचा त्यांना एकच, पण हाक मारणारे भाचे दोनशे. बाटल्यांची झाकणं बनवतो आम्ही. एखादं मशीन अडलं की कुणी साहेबांकडे जात नाही, "मामांना बोलवा" म्हणतात. मग मामा कमरेला पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर लावून येतात, आधी त्या मशीनला चार शब्द सुनावतात आणि नंतर दुरुस्त करतात. मशीन त्यांचं ऐकतंही. मी ऑफिसात टायपिंग आणि हजेरी सांभाळते. माझा कॉम्प्युटर मात्र त्यांचं कधी ऐकत नाही, आणि त्याचा राग ते माझ्यावर काढतात.

शटडाउनची नोटीस मीच टाइप केली. मजकूर मॅनेजरसाहेबांचा होता. येत्या रविवारी विजेच्या देखभालीसाठी मुख्य पुरवठा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद राहील. शनिवारी शेवटच्या पाळीने सगळ्या मशीनची बटणं बंद करूनच घरी जावं, म्हणजे वीज परत येताच एखादं मशीन आपोआप सुरू होणार नाही. लिफ्ट वापरू नये. जनरेटरला कुणी हात लावू नये. पॅनेलवर काम करणाऱ्यांनी अंगठी, घड्याळ, मोबाईल लॉकरमध्ये ठेवावेत. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. भडका उडाला तो शेवटच्या कलमावरून: "काम करणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचवर स्वतःचे कुलूप व नावाची पाटी लावावी. ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढावे. किल्ली दुसऱ्या कोणाच्याही स्वाधीन करू नये."

बोर्डावर नोटीस लागली आणि मामा थेट माझ्या टेबलाशी आले.

"हे 'दुसऱ्या कोणाच्याही' म्हणजे कोण गं?"

"कुणीही, मामा."

"म्हणजे मीच. सरळ नाव लिही की माझं!"

त्यांचं बरोबर होतं. कुलपं आमच्याकडे आधीपासून होती. मुख्य स्विच बंद केला की त्याच्या दांडीत एक लोखंडी चिमटी अडकवायची, तिला बरीच भोकं असतात, आणि प्रत्येकाने त्यात आपलं कुलूप घालायचं. जोवर एकही कुलूप आहे तोवर स्विच चालू होत नाही. पण आमच्या माणसांनी त्यात प्रेम घातलं होतं. कुलूप लावलं की किल्ली मामांच्या हातात द्यायची. सगळ्या किल्ल्या मामांच्या एका जुडग्यात. काम संपलं की मामा डोकी मोजणार आणि स्वतः सगळी कुलपं काढणार. किल्ली स्वतःजवळ ठेवणं म्हणजे मामांवर अविश्वास दाखवणं, अशी तिथली समजूत. नव्या पोराला तर ते पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं.

"माझ्या हाताखाली आजवर कुणाला साधा झटका बसलेला नाही," मामा म्हणाले. "आणि हा कागद मला शिकवतोय."

मला खरं तर त्यांची दया आली. पण साहेबही काही खडूस माणूस नव्हे. त्यांनी मामांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला, समजावलं. मामा चहा पिऊन आले, पण तोंड तसंच फुगलेलं.

रविवारी आम्ही मोजकेच लोक होतो. मामांनी स्विच बंद केला, चिमटी अडकवली, टेस्टरने पुन्हापुन्हा तपासून वीज खरंच नाही याची खात्री केली, अर्थिंगच्या तारा जोडल्या. कामात त्यांचा हात कधी ढिला पडत नाही, राग असला तरी. मग एकेकाने आपापलं कुलूप लावलं आणि सवयीने मामांकडे किल्ली पुढे केली. मामांनी दोन्ही हात मागे घेतले. "खिशात ठेवा. साहेबांचा हुकूम आहे." शेवटी पैलवान आला. पैलवान म्हणजे त्यांचा सख्खा भाचा, फुंकर मारली तर उडेल असा. मामांनीच त्याला इथे चिकटवलं होतं. बहिणीला शब्द दिला होता, माझ्या नजरेखाली राहील म्हणून. त्यालाही तेच उत्तर मिळालं. तो बिचारा खजील होऊन किल्ली खिशात टाकून गेला.

दिवसभर धूळ काढणं, पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळणं, ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासणं चाललं. काम आटोपत आलं तशी मामांची घाई सुरू झाली. नोटिशीत लिहिलेल्या वेळेच्या आधी वीज परत द्यायची, हा त्यांचा जुना मान. हत्यारं गोळा झाली, अर्थिंगच्या तारा निघाल्या, पॅनेलची दारं लागली. एकेकजण येऊन आपलं कुलूप काढून गेला. चिमटीत दोनच उरली. एक मामांचं आणि दुसऱ्यावर पाटी पैलवानाची.

"गेला वाटतं घरी," मामा म्हणाले. "माझ्यासमोर हात धुतले त्याने. वेंधळा आहे, कुलूप विसरला. कटर आणा रे."

"कटर नाही," साहेब म्हणाले. "आधी माणूस शोधायचा."

"साहेब, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय त्याला निघताना!"

"निघताना पाहिलात. फाटकाबाहेर पाहिलात का?"

मामांचा आवाज चढला. भाचा माझा, त्याला लहानाचा मोठा मी केला, त्याच्या सवयी मला माहीत, आणि माझ्या शब्दाला किंमत नसेल तर उद्यापासून येत नाही. हे सगळं ते एका दमात म्हणाले. मी मध्ये पडले नाही. पैलवानाला फोन लावला, तो वाजत राहिला. मग त्याच्या घरी लावला. मामांच्या बहिणीने उचलला. म्हणाली, "अजून आला नाही. का गं, काय झालं?"

"काही नाही," म्हणून मी फोन ठेवला आणि मामांना सांगितलं.

मामांना एकदम काहीतरी आठवलं. मग कुणाला न विचारता मोल्डिंगच्या हॉलकडे चालू लागले. तो हॉल कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. आम्ही मागोमाग गेलो. तिथल्या पोटपॅनेलचं मागचं झाकण उघडं होतं आणि पैलवान खांद्यापर्यंत आत शिरून तांब्याच्या पट्टीवरचा बोल्ट आवळत होता. त्या पट्टीत वीज येते ती याच मुख्य स्विचवरून.

"अरे!" मामा एवढंच ओरडले.

पैलवान बाहेर आला. कपाळ पुसत म्हणाला, "झालंच, मामा. दुपारी तुम्हीच म्हणालात ना, इथला एक बोल्ट सैल वाटतोय, जाण्याआधी बघून घे. हात धुताना आठवलं."

मामा म्हणाले होते. आणि विसरलेही होते.

त्यांनी पैलवानाचा दंड धरला आणि सोडलाच नाही. मुख्य स्विचपर्यंत तसेच घेऊन आले. त्याला स्वतःच्या हाताने कुलूप काढायला लावलं. मग स्वतःचं काढलं. दांडी मात्र त्यांच्याने वर होईना. साहेब वाट पाहत थांबले. शेवटी मामांनी वीज दिली, दिवे लागले, सगळ्यांनी हुश्श केलं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी मामांना दिला. "अगं, आहे तो," ते म्हणाले. "इथेच आहे, माझ्याजवळ." आणि त्यांनी फोन पैलवानाकडे दिला.

मी निघाले तेव्हा मामा फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. मला उगाच त्यांना बरं वाटावं असं बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "मामा, एक दिवस चुकतं माणसाचं. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली कुणाला काही झालं नाही, हे तर खरंच ना?"

"खरं आहे," मामा म्हणाले. "पण ते माझ्यामुळे झालं नव्हतं, हे आज कळलं. मी नुसती डोकी मोजायचो गं. आणि घाई असली की तीही मनातल्या मनात."

"मग कशामुळे वाचले सगळे?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाले, आणि रडू लागले.

मी त्यांच्या शेजारी बसले.