लेकीच्या गावचा पत्ता

माझा मोठा भाऊ घाटंजीचा कापूसवाला शेतकरी. साठीला आला, पण विमान त्याने फक्त शेतावरून जाताना पाहिलेलं. लेक-जावई नोकरीसाठी व्हिएतनामला, दा नांग शहरात राहतात. लेकीने आईबाबा दोघांची दहा दिवसांची तिकिटं पाठवली आणि भाऊ मला घेऊन ऑनलाइन सेंटरवर व्हिसाचा फॉर्म भरायला गेला. मी तर असा तमाशा फुकट सोडत नाही. वहिनीही आल्या आणि मागच्या बाकावर शांत बसल्या.

सेंटरवाली मुलगी पासपोर्टवरून भराभर टाइप करत होती. देशात कुठल्या ठिकाणाहून प्रवेश करणार, या रकान्यापाशी तिने विचारलं. भाऊ ऐटीत म्हणाला, दा नांग. आमच्याकडे एसटी कितीही ठिकाणी बदला, कुठं चाललात म्हटलं की शेवटचंच गाव सांगायचं. मुलीने तिकिटावर बोट ठेवलं. मुंबईहून सुटलेलं विमान आधी हो ची मिन्ह सिटीत उतरणार, पासपोर्टवर शिक्का तिथंच बसणार. दा नांगचं विमान त्यानंतर, देशातल्या देशात. म्हणून प्रवेशाला तोच विमानतळ. परतीचा रस्ताही तोच, तेव्हा बाहेर पडायलाही तोच. भावाने अशी मान हलवली जणू हे त्यानेच तिला शिकवलं.

मग रकाना आला मुक्कामाच्या पत्त्याचा.

"लॉज लिही," भाऊ म्हणाला.

कोणतं लॉज, मुलीने विचारलं. पूर्ण पत्ता लागतो, आणि नुसतं लिहून चालत नाही, तिथं खरंच राहायचं असतं. भावाला दा नांगमधलं एकही लॉज माहीत नव्हतं. लेकीच्या सासरी बाप मुक्काम करत नाही, पाणीसुद्धा जपून पितो, ही आमच्या घरची रीत. मी गालातल्या गालात हसत लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन भावापुढे धरला.

मी तिला सगळं सांगितलं. तिने वर्षभर एक खोली आईबाबांसाठी मोकळी ठेवली होती, हे मला ठाऊक होतं.

"बाबा, हे सासर नोहे. घराच्या करारावर माही सही हाय. तुम्ही लॉजात राह्यले, त मी कोणाले बोलावलं?"

भावाने रीत मोडायची तर निदान कोणी तरी ढकलायला हवं. ते काम मागच्या बाकाने केलं.

"माहा फॉर्म मी कालच इथंच भरला," वहिनी म्हणाल्या. "पोरीचाच पत्ता देल्ला. तुम्ही राहा लॉजात. मी येईन भेटाले."

सेंटरवाली मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. फोनमधली लेकही हसत होती, पण डोळे पुसत. भाऊ जरा खाकरला, शर्टाची कॉलर नीट केली आणि वहिनींकडे बोट दाखवत सेंटरवाल्या मुलीला म्हणाला,

"काकूच्या फॉर्मवरचा पत्ता पाहून घे, पोरी. तसाच टाक. पिनकोडही बरोबर टाक, रात्री आम्हाले घर सापडलं पायजे."