पळसदेवची घंटा आणि चारचा चहा

बाळांनो, तुमच्या आजीने आयुष्यात एकच घंटा खोटी वाजवली, आणि ती दुसऱ्याच बाईला ऐकू आली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत आमच्या कॉलनीतल्या बायका हस्तलिखित मासिक काढत. एकच वही घरोघर फिरायची. शेवटची कोरी पानं अभिप्रायांसाठी. एका उन्हाळ्यात पान भरेना, म्हणून मी लिहिलं : उजनी धरणाचं पाणी उतरलं, त्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ वर आलं, आणि भर दुपारी, वारा नसताना, तिथे घंटा वाजली. (देऊळ खरं. दुपार खरी. घंटा माझी!)

शेजारच्या अक्का मूळच्या पळसदेवच्या. त्यांनी अभिप्राय दिला, "घंटा गाव उठलं तवाच काढून नेली. मॅडम थापा मारत्यात." मी पाऊण पान उत्तर लिहिलं. त्यात 'अज्ञान' हा शब्द दोनदा! सगळ्या कॉलनीने चवीने वाचलं. अक्का यायच्या बंद झाल्या. गावात माझी मैत्रीण म्हणावी अशी ती एकच. चारचा चहा मी एकटी पिऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात वही आली, तर अभिप्रायात अक्कांचं अक्षर :

"मॅडम, माझं चुकलं. चारचौघींत तुमाला खोटं म्हणले. परवा पळसदेवला गेले हुते. वारं न्हवतं. घंटा तीनदा वाजली. माफ करा."

मी घाईने खिडकी लावली, तरी पडदा हलतच होता! (पंखा चालू होता, हे नंतर कळलं.)

उत्तर द्यायलाच हवं होतं. माफी सगळ्यांसमोर मागितलेली; मी गप्प राहिले तर ती नाकारली असंच सगळ्या समजणार. मसुदा तुमच्या आजोबांना वाचून दाखवला. "अक्का, माफ केलं, पण तुम्ही तेव्हा—"

"'पण' काढ."

"बरं. 'शेवटी खरं बाहेर आलंच.'"

"ही क्षमा आहे की विजयसभा?"

"मग 'आवाज कुठल्या बाजूने आला?'"

"ही तर पोलीस चौकशी!"

"अहो, घंटा मी रचली, हे तरी लिहू?"

"चारचौघींत त्यांना वेडं ठरवायचंय का? ते घरात सांग. इथे फक्त माफी घे."

शेवटी चारच ओळी उरल्या : "अक्का, तुमचे शब्द मनाला पोचले. माझंही उत्तर फार लागट होतं, मलाही माफ करा. माझ्याकडून हा विषय संपला. चहाला या." खाली पट्टीने रेघ मारली. पलीकडच्या शेजारणीने रेघेखाली लगेच विचारलं, "मग घंटेचं खरं काय?" तिला मी उत्तरच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला अक्का हजर. "चा टाका, मॅडम." जणू काल येऊन गेल्या होत्या!

आता खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. अक्कांनी बशी खाली ठेवली आणि खिडकीकडे मान वळवली.

"ऐकताय न्हवं?"

वारा नव्हता. पंखाही बंद होता. आणि बाळांनो, मला ऐकू आली.

"साखर कमी झाली का?" मी विचारलं.

"न्हाय, बेस हाय."

विषय तिथेच मिटला. पळसदेवला मात्र मी पुन्हा गेले नाही. त्या घंटेचीही मी केव्हाही माफी मागायला तयार आहे. फक्त ती स्वीकारायला तिने घरी येऊ नये!