रात्रीची सरासरी

गल्लीत तिला झोपवाली म्हणायचे. बाई झोपेच्या तपासणी केंद्रात कामाला, रात्रभर लोकांना तारा लावून झोपवते आणि स्वतः टक्क जागी बसते, म्हणून झोपवाली. तिला त्या नावाचा राग नव्हता. नावं ठेवणाऱ्यांपैकी निम्मे कधी ना कधी तिच्या हाताखालून गेले होते आणि कोण किती घोरतो हे तिला तोंडपाठ होतं.

बावीस वर्षं तिनं रात्रपाळी केली. आठवड्यातल्या चार रात्री, सोमवार ते गुरुवार. संध्याकाळी सातला घर सोडायचं, पेशंटच्या डोक्याला, छातीला, पायाला तारा चिकटवायच्या, दिवा मालवायचा आणि काचेपलीकडे बसून पडद्यावरच्या रेषा बघायच्या. सकाळी डॉक्टर यायच्या आत अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडून लिहायचं: इथे जागा, इथे हलकी झोप, इथे गाढ, इथे स्वप्नं. या कामात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. नुसती नाडीची रेषा दाखवा, बाई सांगायची की माणूस गाढ झोपेत आहे.

पेशंट उठून चहा घेत विचारायचे, "ताई, रात्री माझं हृदय इतकं हळू चाललं, काही बिघाड तर नाही ना?" मग ती समजावायची. "अहो, बिघाड कसला? दिवसभर शरीराच्या मागे दोन मुकादम असतात. एक 'पळ पळ' करतो, दुसरा 'थांब, दम घे' म्हणतो. गाढ झोपेत पहिला सुट्टीवर जातो. श्वास एका लयीत, रक्तदाब खाली, स्नायू सैल. रक्ताची मागणीच कमी, मग हृदयानं कशाला धावायचं? म्हणून नाडी सगळ्यात खाली तिथंच येते, बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात. स्वप्नं सुरू झाली की परत वरखाली होते. पहाटे स्वप्नं जास्त, म्हणून तिथे रेषा नाचते."

आणि नाडी मोजणाऱ्या मनगटाच्या पट्टीवरचा रात्रीच्या सरासरीचा आकडा घेऊन कुणी आला की तिची सटकायची. "बासष्ट? बरं. पण बासष्ट म्हणजे काय? जागेपण, हलकी, गाढ, स्वप्नं, सगळं एका पातेल्यात ढवळून काढलेला आकडा तो. शेजाऱ्याचा पन्नास असेल तर त्याचा त्याला. तुमचा आकडा तुमच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघा. आणि चार रात्री सलग चढला तरी तो एवढंच सांगेल की काहीतरी झालंय. काय झालंय ते सांगायला त्याला तोंड नाही."

एवढं शहाणपण दुसऱ्याला शिकवणारी बाई स्वतःच्या घरात कशी फसली, ते ऐका.

नवरा वाचनालयात कारकून होता. मितभाषी माणूस. मूल झालं नाही, आणि त्याबद्दल दोघं कधी भांडलेही नाहीत. ती घरी यायची तेव्हा तो डबा घेऊन निघालेला, तो यायचा तेव्हा तिची निघायची वेळ. उरलेला संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. गॅस सांगितलाय. दूध संपलंय. लोक म्हणायचे, तुमचं बरं आहे बाई, भांडायलाही वेळ नाही.

मग मागच्या वर्षी वाचनालयाच्या जिन्यावर त्याच्या छातीत दुखलं. झटका लहान होता, वेळेवर नेलं, निभावलं. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मनगटाला पट्टी बांधायला सांगितली. दोन महिन्यांनी गेले तेव्हा डॉक्टर मोबाइलवर नजर टाकून म्हणाले, "नाडीची आठवड्याची सरासरी चौसष्टच्या आसपास आहे. या गोळीवर रात्री अजून खाली यायला हवी. विश्रांती पुरेशी होत नसावी. घरी रात्री कोण असतं?"

नवरा म्हणाला, "बहुतेक कोणी नाही. ही ड्यूटीला असते."

तिला ते वाक्य जिव्हारी लागलं. जगाला झोपवायचं आणि घरच्या माणसाला एकटं टाकायचं! त्याच आठवड्यात तिनं दिवसपाळीसाठी अर्ज दिला. दिवसपाळीत रात्रीचं काम नव्हतं, तारांचं काम नव्हतं. स्वागतकक्षात बसून तारखा द्यायच्या, अर्ज भरून घ्यायचे. रात्रीची मुख्य जागा तिनं सोडली आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याला ती मिळाली. "ताई, परत विचार करा," तो म्हणाला. "गेलेली जागा परत मिळत नाही."

"माणूस परत मिळतो का?" ती म्हणाली. मोठ्या रुबाबात म्हणाली.

आता ती रोज रात्री घरी असायची. आठला जेवण, दहाला दिवा बंद. नवऱ्याशेजारी सलग सात रात्री झोपणं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं. तीन आठवडे झाले. सरासरी बहात्तर.

तिनं पट्टी घट्ट केली. त्याचा ताप पाहिला. गोळ्या मोजल्या, एकही चुकली नव्हती. दारूचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळचा चहा बंद केला. आकडा हलेना. शेवटी एका रविवारी दुपारी तिनं तेच केलं जे केंद्रात पहिल्याच दिवशी केलं असतं. आठवड्याची सरासरी बाजूला ठेवली आणि पट्टी बांधल्यापासूनची एकेक रात्र उघडली. कामाचं जुनं वेळापत्रक घेऊन समोर बसली.

सोमवार, अठ्ठावन्न. मंगळवार, सत्तावन्न. बुधवार, अठ्ठावन्न. गुरुवार, एकोणसाठ. शुक्रवार, बहात्तर. शनिवार, एकाहत्तर. रविवार, त्र्याहत्तर.

पुढचा आठवडा तसाच. त्याच्या पुढचाही. एकदा सहकाऱ्यासाठी तिनं शनिवारची पाळी केली होती. त्या शनिवारी छप्पन्न.

ती नसलेल्या रात्रींच्या रेषा तिनं बघितल्या. झोप लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नाडी खाली उतरत होती, पन्नासपर्यंत, आणि तिथं सपाट, शांत पडून राहत होती. पुस्तकात छापावी अशी गाढ झोप. ती घरी असलेल्या रात्रींत तो उतारच नव्हता. रेषा मध्यरात्रीनंतरही वरच अडखळत होती. चार चांगल्या रात्री आणि तीन वाईट रात्री एकत्र ढवळून चौसष्ट निघाले होते, आणि डॉक्टरांनी आणि तिनं, दोघांनी त्या चौसष्टावर विश्वास टाकला होता. बावीस वर्षं ज्याच्यावरून लोकांना झापलं, ते तिनं स्वतः केलं होतं.

पण बाई अशी सहज हार मानणारी नव्हती. आकडा काय झालं ते सांगत नाही, हे तिचंच वाक्य. आपण घोरत असू. घोरणाऱ्याशेजारी कोण झोपेल? दुसऱ्याच दिवशी रात्री ती केंद्रात सहकाऱ्याकडे गेली आणि स्वतःच्या डोक्याला तारा लावून घेऊन झोपली. सकाळी तो हसत म्हणाला, "ताई, मांजरीसारख्या झोपता. घोरणं नाही, श्वास अडकणं नाही, पाय झाडणं नाही."

तिला रडूच फुटलं. त्याला वाटलं, आनंदानं. घोरत असते तर बरं झालं असतं, त्यावर औषध होतं.

घरी येऊन तिनं नवऱ्याच्या पट्टीवरचा आकडा बघितला. ती स्वतः रात्रभर केंद्रात होती. अठ्ठावन्न.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं मोबाइल आणि वेळापत्रक टेबलावर ठेवलं. "अहो, हे बघा. मी घरी नसते तेव्हा तुमचं हृदय विश्रांती घेतं. मी असले की नाही. का?"

त्यानं कागदावरची एकेक रात्र मोबाइलशी ताडून पाहिली. वाचनालयातल्या माणसाला कागद नीट वाचायची सवय. मग म्हणाला, "तू माझी नाडी बघतेस रात्री. दोन बोटं ठेवून. मी झोपलोय असं सोंग करतो, म्हणजे तुझं समाधान होईल."

खरं होतं. झटक्यानंतर तिला ती सवय लागली होती. त्याच्या मनगटाला हात लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिला एकदम हलकं वाटलं. एवढंच ना! त्या रात्रीपासून हात उशीखाली. शपथ घेतल्यासारखं पंधरा दिवस तिनं त्याला स्पर्शही केला नाही.

एकाहत्तर.

सोळाव्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात राग होता. "बोटं थांबवली. आता काय? काय करते मी?"

"काही करत नाहीस गं."

"मग?"

"मला खरंच कळत नाही. भांडण नाही, तुझ्यावर राग नाही." तो भांडी उचलायला उठला आणि मध्येच थांबला. "तू संध्याकाळी निघायचीस ना, दाराची कडी वाजायची. मग मी दिवा लावून वाचत बसायचो. मग झोपायचो. बावीस वर्षं. त्या कडीच्या आवाजानं मला बरं वाटायचं. आता कडी वाजत नाही. मी वाट बघत पडून राहतो."

"कशाची वाट?"

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "तू जायची असेल."

तो हे दुखवायला बोलला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. दुखवायला बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. त्यानं भांडी धुतली, ओटा पुसला, उद्याचा डबा काढून ठेवला. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. या माणसासाठी आपण जागा सोडली, काम सोडलं, आणि याचं हृदय आपल्या जाण्यावर पोसलेलं. हसावं की रडावं तेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती रात्रपाळी परत मागायला केंद्रातल्या साहेबांकडे गेली. रात्रीची जागा भरली होती. सहकाऱ्यानं वेळापत्रकावर स्वतःचं नाव निळ्या शाईनं लिहिलं होतं आणि तिच्या काचेपलीकडच्या खुर्चीला नवी गादी आणली होती. तिनं ती गादी दाबून पाहिली, चांगली आहे म्हणाली आणि स्वागतकक्षात येऊन तारखा देत बसली.

घरी आल्यावर तिनं बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर अंथरूण घातलं. नवऱ्यानं विचारलं, "इथे का?" ती म्हणाली, "मला उजेडात झोप लागत नाही. तुम्ही वाचत बसा." खोटं होतं. तोही ते ओळखून होता. तरी त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. जाताना मधलं दार लोटलं, आणि ते सारखं उघडतं म्हणून आतून कडी लावली. तिनं ती ऐकली.

पहिल्या रात्री त्रेसष्ट. आठवड्याभरात अठ्ठावन्न.

महिन्यानं डॉक्टरांनी एकेक रात्र बघितली, कारण तिनं आग्रह धरला. खूश झाले. "सुंदर! पहिल्या झोपेतच पन्नासपर्यंत उतरतंय. असंच हवं. काय बदल केलात?"

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"अंथरूण वेगळं केलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर गोळ्यांच्या खाली लिहिलं: हेच चालू ठेवा. कायम.