मोजलं, पटलं, पण का?

सरांची अट साधी होती आणि तिच्या जिवावर उठली होती. वर्तुळाच्या प्रमेयाचं ‘का’ डायरीत स्वतःच्या शब्दांत लिहायचं, फळ्यावर दाखवायचं, मगच दहावीच्या फॉर्मवर सही. प्रौढांच्या वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. उरली होती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करणारी ही चाळीशीची बाई. आज ऑफिसची खिडकी सहाला बंद होणार, आणि दहावी नसली तर सुपरवायझरची जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

तिची लेकही दहावीतच. ती म्हणाली होती, “आई, पाठ कर गं! एवढं काय डोकं लावतेस?”

पण हिला पाठ केलेलं पचत नसे. हट्टीपणात कुणाला हार जायची नाही. तिनं वीस वर्तुळं काढून कोन मोजले होते. एकाच कंसाचा कोन केंद्राशी ऐंशी, तर परिघावर चाळीस; दरवेळी दुप्पट. सरांनी खाली लिहिलं होतं, “मोजलं, पटलं. पण का?” त्या ‘का’नं तिची झोप उडवली होती.

आज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या ढिगाला टेकून तिनं त्यातल्याच एका वर्तुळात परिघावरच्या बिंदूपासून केंद्रातून आरपार एक रेघ मारली. अन् हात थांबला. तिथंच डायरी उघडून लिहिलं:

“रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण झाला. प्रत्येकात दोन बाजू त्रिज्याच, म्हणून त्यांच्यासमोरचे कोन सारखे. केंद्राशी बाहेर पडणारा कोन म्हणजे त्या दोन सारख्या कोनांची बेरीज, म्हणून परिघावरच्या तुकड्याच्या दुप्पट. दोन्हीकडं तसंच. बेरीज केली की केंद्राचा अख्खा कोन परिघावरच्या अख्ख्या कोनाच्या दुप्पट. किती सोपं होतं! मला रडूच आलं.”

साडेपाचला सरांनी ते वाचलं आणि फळ्यावर आकृती काढली. पण बिंदू असा सरकवला, की केंद्र कोनाच्या बाहेर पडलं.

“आता दाखवा, बाई.”

तिच्या बेरजेला आता जागाच नव्हती. घड्याळात पावणेसहा. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, “मावशी, सोडा आता.”

सोडते कसली! तिनं पुन्हा केंद्रातून रेघ मारली. दोन्ही त्रिकोण आता एकाच अंगाला, एकमेकांवर चढलेले. तिनं लहान त्रिकोणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, मोठ्या कोनातून लहान वजा करायचा. मोठाही दुप्पट, लहानही दुप्पट. मग उरतं तेही दुप्पटच की!”

सरांनी खिशातून पेन काढलं. ती सही होईपर्यंत थांबली, फॉर्म उचलला आणि चपला हातात घेऊन ऑफिसकडं पळाली.

खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, “धापा टाकताय, काय झालं?”

“कळलं!” ती म्हणाली, आणि फॉर्म त्याच्यापुढं सरकवला.