आहेर सरांची भोवळ

आहेर सरांना भर वर्गात नजर लागली, अशी कुजबुज नाशिकच्या कॉलेज रोडवर बरेच दिवस चालली. त्या दिवशी त्यांच्या रसायनशास्त्राच्या क्लासच्या डेमो लेक्चरला पालक जमले होते. ते भुलले तरच सरांची बॅच भरणार होती. फ्लेक्सवर हत्तीएवढा दिसणाऱ्या या माणसाने फळ्यावर समीकरण जुळवताना एका डायक्रोमेट आयनाला तीन फेरस आयन जोडले आणि मिशी कुरवाळली. "अणू दोन्हीकडे सारखे. पडताळा संपला!"

"आणि इलेक्ट्रॉन, सर?" मागून सहशिक्षिका मनीषाबाई म्हणाल्या. "दोन क्रोमियम +६ वरून +३ वर आले, म्हणजे सहा घेतले. तुमच्या तीन फेरसनी एकेकच दिला. बाकीचे तीन काय गोदावरीतून वाहत आले?"

पालक हसले. सर कपाळ धरून खुर्चीत कोसळले.

नजर लागली नव्हती, भोवळही आली नव्हती; ते सुटकेसाठीचे सोंग होते. इलेक्ट्रॉन मोजताना सरांनी आयनातला दुसरा क्रोमियम धरलाच नव्हता.